कोकणकडा ‘नयनरम्य’ नाही, मग कसा आहे? डोंगर लिहिण्यासाठी शब्द हवेत

आभाळवाट | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या शनिवारी पाचनईहून हरिश्चंद्रगड केला. रात्र गडावर काढली, रविवारी उतरलो. घरी आल्यावर प्रवासवर्णन लिहायला बसले आणि हा परिच्छेद तयार झाला:

“पाचनईहून चढून आम्ही गडावर पोहोचलो. समोरचं नयनरम्य दृश्य पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. संध्याकाळी कोकणकड्यावरून दिसणारं विहंगम दृश्य तर श्वास रोखायला लावणारं होतं. हिरवा शालू नेसलेला सह्याद्री, धुक्याची दुलई आणि मावळतीचे मनमोहक रंग... शब्दांत वर्णन करणं अशक्य!”

हे आत्याला वाचून दाखवलं. आत्याने तरुणपणी कळसूबाई केलंय, रतनगड दोनदा केलाय. हरिश्चंद्रगड राहिला आणि आता गुडघे साथ देत नाहीत. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान लिहिलंस. पण कडा दिसतो कसा?”

मला सांगता येईना. मी दोन तास त्या कड्यावर होते! परिच्छेद पुन्हा वाचला तेव्हा कळलं, यातलं ‘पाचनई’ आणि ‘कोकणकडा’ काढलं तर हेच महाबळेश्वरला चालेल, मुन्नारला चालेल. म्हणून विचारते, या झिजलेल्या शब्दांच्या जागी तुम्ही काय लिहिता? मला खरंच हे नीट लिहायचं आहे, आत्यासाठी.

---

गुंजन_सातारा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

शब्दांना काय तोटा! रमणीय, मनोहर, नेत्रसुखद, विलोभनीय, उत्तुंग, गगनचुंबी, रौद्रसुंदर, अलौकिक. मी प्रत्येक लेखात वेगळा वापरते, म्हणजे तोच तो शब्द येत नाही.

---

आभाळवाट | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३२

धन्यवाद गुंजनताई. लगेच करून पाहिलं. ‘नयनरम्य’ काढून ‘विलोभनीय’ घातलं आणि आत्याचा प्रश्न मनात धरून वाचलं. कडा अजूनही दिसत नाही. शब्द बदलला, पण सांगितलेली गोष्ट तीच राहिली.

---

कातळकोर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

सकाळी सकाळी हा धागा वाचला, आनंद झाला. तीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, आणि हा प्रश्न मलाही छळत आलाय.

तुमच्या परिच्छेदातली सगळी विशेषणं तुमच्याबद्दल बोलतात, डोंगराबद्दल एकही नाही. डोळ्यांना रम्य वाटलं, मन मोहलं, श्वास रोखला गेला. हे सगळं बघणाऱ्याचं झालं, डोंगर राहिला बाजूला. गुंजनताईंनी दिलेले शब्दही बहुतेक त्याच जातीचे आहेत, म्हणून अदलाबदल करून काही होत नाही.

डोंगरात राहणारा माणूस विशेषणाने बोलत नाही, तो आकाराला नाव देतो. वाट विचारली तर “त्या सोंडेवर चढा, पदर लागला की आडवं मारा, नाळ सोडून द्या, खिंडीत या” असं सांगतो. त्या एका वाक्यात डोंगराचं चित्र पुरं असतं. सोंड म्हणजे हत्तीची सोंड जशी खाली येते तशी उतरत आलेली डोंगराची रांग. धार म्हटलं की दोन्हीकडे उतार आणि मधे अरुंद माथा. दोन कड्यांच्या मधून पावसाचं पाणी दगडगोटे घेऊन खाली येतं ती नाळ. हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आपण लिहिताना ते बाजूला ठेवून ‘निसर्गसौंदर्य’ लिहितो, याचं मला वाईट वाटतं.

आता ‘पदर’ बघा. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थराचा घट्ट भाग झिजत नाही, तो उभा राहतो, तोच कडा. जो भाग सच्छिद्र, बुडबुड्यांचा, तो झिजून उतरता होतो, त्यावर माती धरते, झाडी येते. तो पदर. म्हणून आपला डोंगर लांबून पाहिला तर कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, अशा आडव्या पट्ट्यांचा दिसतो. उभा काळा, उतरता हिरवा. कुणी न पाहिलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच येईल, मुन्नार येणार नाही.

तुमचे कोकणकड्याचे फोटो उघडा आणि मला फक्त तीन गोष्टी सांगा. तुम्ही कशावर होतात? जमीन कुठे आणि कशी संपली? खाली पाहिल्यावर सगळ्यात आधी काय दिसलं?

---

सागर_कल्याण | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

नळीच्या वाटेने दिवाळीत जायचं आहे, आठ जण. दोर लागेल का? पाणी कुठे मिळेल?

---

कातळकोर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

सागर, इथे वर्णनाबद्दल बोलणं चाललंय, वाटेसाठी वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहितो. तोवर एवढंच, ती वाट सुट्या दगडधोंड्यांची आहे. जाणता माणूस बरोबर असल्याशिवाय आठ जणांनी शिरू नये. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

---

शब्दवेल्हाळ | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी मराठी शिकवते, त्यामुळे या शब्दांचं दुखणं रोज बघते. कातळकोर यांनी डोंगराकडून सांगितलं, मी भाषेकडून सांगते.

‘विहंगम’ म्हणजे पक्षी. पक्ष्याला वरून जसा मुलूख दिसतो तसं दृश्य, ते विहंगम दृश्य. कोकणकड्याच्या माथ्यावरून ते निदान खरं तरी आहे. पण लोक कड्याच्या पायथ्याला उभं राहून, मान वर करून ‘विहंगम’ लिहितात. ‘पारणं’ म्हणजे उपास सोडणं. डोळे उपाशी होते, त्यांना आज जेवायला मिळालं, किती सुंदर कल्पना आहे ही! पण उपासच सांगितला नाही तर पारणं कसलं? तुमच्या आत्यांनी गुडघे धरून कसाबसा तो कडा पाहिला असता, तर त्यांच्या तोंडी हा शब्द जिवंत झाला असता. शब्द मुळात वाईट नाही, तो आपण फुकट खर्च केलाय.

‘श्वास रोखायला लावणारं’ मात्र आपलं नाहीच. ते इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून आलंय. खोल दरी पाहून मराठी माणसाचं काय होतं? पोटात खड्डा पडतो. पाय लटपटतात. डोळे फिरतात. छाती दडपते. नजर ठरत नाही. आणि हे सगळं एकच नाही. उंच भिंतीसमोर उभं राहिलं की छाती दडपते, कड्यावरून खाली वाकलं की पोटात खड्डा पडतो. अंतर फार असलं, डोळ्याला धरायला काही सापडलं नाही, की नजर ठरत नाही. यातलं तुमचं नेमकं काय झालं होतं ते आठवा, आणि एकच लिहा.

राहता राहिलं ‘शब्दांत वर्णन करणं अशक्य’. ते कृपा करून काढून टाका. वाचणारा तुमच्या शब्दांसाठीच आलाय.

---

मावळा_७७ | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

माझं मत थोडं वेगळं आहे. विशेषणं सगळीच काढा, आकडे द्या. तारामती शिखर १,४०० मीटरच्या वर आहे, कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७. आकडा खोटं बोलत नाही. शिवाय सह्याद्रीची शिखरं ही मूळची ज्वालामुखीची तोंडं आहेत, हे लिहिलं तर वाचकाला थरार वाटेल. आणि कोकणकड्यावर संध्याकाळी इंद्रवज्र दिसतं, त्याचा उल्लेख हवाच.

---

कातळकोर | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२५

मावळा, लाव्ह्याचं बरोबर, शिखरांचं नाही. आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांमधून आला आणि पाण्यासारखा पसरला. आजची शिखरं ही त्या पसरलेल्या थरांतून पावसाने, नद्यांनी कोरून मागे राहिलेले तुकडे आहेत. म्हणून तर आपल्याकडे सपाट माथ्याचे डोंगर इतके. फुजीसारखा शंकू इथे शोधू नये, आणि लिहिताना ‘ज्वालामुखीचं मुख’ म्हटलं तर आकारच चुकीचा डोळ्यांपुढे येतो.

इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर पडणारं गोल इंद्रधनुष्य, मधे आपलीच सावली. साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या हवामानाच्या लेखात हरिश्चंद्रगडावरच्या अशा वर्तुळांची नोंद आहे. पण त्याला सूर्य पाठीशी लागतो आणि धुकं समोर, खाली. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे ते दिसलं तर सकाळी दिसेल. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा ते दिसायचं नाही. आभाळवाट यांनी ते पाहिलेलंच नाही, तेव्हा लिहायचं कशाला?

आकड्यांबद्दल अर्धं पटतं. पण १,४०० मीटर ही समुद्रापासूनची उंची, ती डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला दिसतं ते आपल्या पायापासून खालचं अंतर. ते मीटरमध्ये सांगण्यापेक्षा खाली चरणारी गुरं दिसली की नाही, गावातला आवाज वर आला की नाही, यावरून वाचक ते जास्त नीट मोजतो.

---

मावळा_७७ | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

शिखरांचं मान्य, नवीन कळलं. पण आकडा पूर्ण टाकू नका असंच म्हणेन. चालायला किती तास लागले, हा आकडा तरी वाचकाच्या पायाला कळतो.

---

आभाळवाट | १५ ऑक्टोबर, रात्री ११:३०

फोटो पाहत बसले होते. कातळकोर, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं.

कशावर होते? पोटावर झोपले होते, कातळावर. तो दिवसभर तापून कोमट झालेला होता.

जमीन कुठे संपली? हेच मला आधी सुचलं नव्हतं. कड्याकडे जाताना कडा दिसतच नाही. नुसतं गवताळ पठार, किंचित उतरतं, आणि एकदम पुढे काही नाही.

खाली काय दिसलं? भिंत दिसेल असं वाटलं होतं, ती दिसली नाही! मी ज्या कड्यावर होते तो आतल्या बाजूला वळून गेलाय. मला दिसल्या त्या त्याच्या लांबच्या दोन बाजू, अर्धगोल वळत गेलेल्या. आणि तळाशी बेलपाड्याची भातखाचरं.

आणखी एक. फोटोत संध्याकाळच्या डोंगरांना हिरवा रंगच नाही. सगळे राखाडी, एकामागे एक. मग मी हिरवा शालू कुठून लिहिला?

---

कातळकोर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

हेच ते! सूर्य समोर असला की डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, हिरवा रंग विझतो. उरते ती नुसती आकृती. आणि जितका डोंगर लांब, तितकी मधली हवा जास्त, तितका तो फिका. म्हणून पाच रांगा असल्या तर पाच वेगळ्या छटा दिसतात. तोच डोंगर सकाळी, सूर्य पाठीशी असताना पाहिला असता तर जवळचा हिरवा आणि लांबचा निळसर दिसला असता. शालू तुम्ही पाहिला नाहीत, तो वाचलेल्या लेखांतून हाताला लागला. हे माझ्याकडूनही झालंय, एके वर्षी मे महिन्यातल्या राजगडाच्या लेखात मी ‘हिरवाई’ लिहून गेलो होतो.

रंग लिहिताना आधी वेळ ठरवा, मग सूर्य कुठे होता ते. रंगाचा शब्द आपोआप मिळतो.

---

मुळाकाठची | १६ ऑक्टोबर, दुपारी २:४५

मी अकोले तालुक्यातली, आता नाशिकला असते. धागा वाचून राहवलं नाही.

ती खाचरं फोटोत एकाच रंगाची आहेत का हो? या दिवसांत नसतात. हळवं भात लवकर पिकतं, ते पिवळं पडलेलं असतं. गरवं उशिराचं, ते अजून हिरवं. त्यामुळे वरून पाहिलं तर पिवळे आणि हिरवे तुकडे शेजारी शेजारी दिसतात. आमची आजी डोंगरावरून पाहून सांगायची, कुणाची कापणी आधी लागणार. तुम्हाला ते नुसतं सुंदर वाटलं असेल, आजीला त्यात पंधरा दिवसांचं काम दिसायचं.

पावसाचेही आमच्याकडे शब्द आहेत. दिवसचे दिवस थांबत नाही ती झड. बारीक भुरभुर लागते ते बुरंगाट. मधेच पाऊस थांबून आभाळ मोकळं होतं ती उघडीप. ‘पावसाळी वातावरण होतं’ असं कुणी लिहिलं की मला कळत नाही की यातलं काय होतं.

एक काळजी मात्र घ्या. आमचा शब्द घेतलात तर तिथलाच घ्या. कोकणातल्या माणसाचा ‘सडा’ आमच्या पठाराला लावू नका. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, ते वेगळंच असतं. आणि शहरातल्या वाचकाला अडेल असा शब्द असेल तर तो अशा वाक्यात ठेवा की विचारावं लागणार नाही.

---

आभाळवाट | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

मुळाकाठची, आत्ता फोटो मोठा करून पाहिला. खरंच दोन रंग आहेत! मी ते ऊनसावली समजले होते. मनापासून आभार.

---

प्रसन्न_हिमयात्री | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

माझाही हाच प्रश्न, पण हिमालयाचा. डिसेंबरात सांक्रीहून केदारकंठा केलं, त्यावर लिहितोय. ‘पांढरीशुभ्र चादर’ सोडून बर्फाला काही सुचत नाही. वर दिलेले पदर, नाळ वगैरे शब्द तिकडे चालतील का?

---

कातळकोर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:०५

प्रसन्न, पदर चालणार नाही. पदर हा थरांच्या डोंगराचा शब्द. हिमालय घड्या पडून वर आलाय, तिथे तुम्हाला पायरीपायरीचा पट्टा दिसणार नाही. तिथल्या लोकांचे शब्द घ्या, ते मराठीत सहज बसतात. गढवालात डोंगराच्या रांगेला धारच म्हणतात, तो तर आपलाच शब्द. खिंडीला खाल, उंचावरच्या कुरणाला बुग्याल.

बर्फासाठी मात्र मराठीत तयार शब्द कमी आहेत, हे मान्य करायला हवं. पण पोत सांगणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ताजा पडलेला भुसभुशीत असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठला की वर कडक पापुद्रा येतो, पाय ठेवला की करकर वाजून मोडतो. पायवाटेवर तुडवून तुडवून काचेसारखा गुळगुळीत झाला की घसरगुंडी. तुमच्या पायाखाली यातला कुठला होता, ते सांगितलं की चादरीची गरज पडत नाही.

---

प्रसन्न_हिमयात्री | १६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

तिन्ही होते! जाताना पहाटे पापुद्रा, माथ्याजवळ भुसभुशीत, आणि उतरताना जुडा का तालाबच्या बाजूला गुळगुळीत, तिथे मी दोनदा पडलो. लिहायला घेतो.

---

आभाळवाट | १८ ऑक्टोबर, रात्री १०:००

दोन दिवस लिहीत होते. पहिला प्रयत्न असा झाला:

“पाचनईची सोंड चढून पदरात शिरलो, कातळकड्याच्या पोटातून आडवं मारत ओढ्याच्या घळीतून माथ्यावर आलो. समोर तारामतीची धार, पलीकडे बेचकी, तिच्यापलीकडे सुळके, आणि नाळेच्या तोंडाशी...”

आत्या म्हणाली, “आता मला वाट कळली, पण तू कुठे गेलीस?” मला वाटतं शब्द मिळाल्याच्या आनंदात मी ते सगळे एकदम ओतले. आता कुठला ठेवू आणि कुठला काढू?

---

शब्दवेल्हाळ | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

याची ओळख सांगते. वाक्य मोठ्याने वाचा. नामं एकामागे एक येताहेत आणि क्रियापद शेवटी एकच ‘आलो’, असं झालं की ते नकाशावर लिहिलेल्या नावांसारखं होतं. डोंगराला काहीतरी करू द्या. मराठीत डोंगर किती गोष्टी करतो! सोंड उतरते, कडा तुटतो, वाट फुटते, खिंड उघडते, पठार पसरतं, कातळ पुढे येतो, डोंगर अंगावर येतो. एका वाक्यात एकच आकार आणि त्याचं एकच काम. बाकीचे आकार खरे असले तरी या परिच्छेदात नकोत.

उपमा वापरायचीच तर एक वापरा, आणि ती घरातली असू दे. ‘नागाचा फणा’ कोकणकड्याला इतक्यांनी म्हटलंय की तो आता ‘नयनरम्य’च्याच रांगेत जाऊन बसलाय.

---

गुंजन_सातारा | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मी वर दिलेले शब्द आठवून जरा विचार करतेय. पण सगळीच विशेषणं वाईट असं मला अजूनही पटत नाही. ‘काळाकभिन्न’ म्हटलं की कातळ दिसतोच ना? ‘भणाण वारा’ म्हटलं की ऐकू येतो.

---

कातळकोर | १९ ऑक्टोबर, दुपारी १:००

गुंजनताई, हे दोन्ही शब्द तुम्ही फार चांगले काढलेत. ते डोंगराबद्दल आणि वाऱ्याबद्दलच बोलतात. खडबडीत, भुसभुशीत, तुकतुकीत, रखरखीत, हेही तसेच. हाताला, कानाला काहीतरी लागतं. ‘काळाकभिन्न’ तेवढा जपून, पावसात भिजलेला कातळ तसा असतो, उन्हातला करडा पडतो. पावसाळ्यानंतर पाणी झिरपतं तिथे काळे ओघळ आणि बाजूला करडं, असं दोन्ही एकाच भिंतीवर दिसतं.

---

आभाळवाट | २१ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हा घ्या आत्ताचा मसुदा. चुका सांगा.

“पाचनईची वाट एका ठिकाणी कड्याच्या पोटाखालून जाते. डोक्यावर कातळ पुढे आलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. मानेवर थेंब पडला की अंग शहारत होतं.

कोकणकड्याकडे जाताना कडा दिसत नाही. दिसतं ते पठार. गवत गुडघ्याएवढं, शेंड्याला पिवळं आणि बुंध्याशी अजून ओलं हिरवं. जमीन किंचित उतरते आणि संपते. शेवटचं अंतर आम्ही बसून सरकलो, मग पोटावर झोपलो. कातळ छातीखाली कोमट होता.

डोकं बाहेर काढलं आणि पोटात खड्डा पडला, कारण खाली भिंत नव्हती. ज्या कड्यावर मी होते तो आत वळून गेला होता. दिसत होत्या त्या त्याच्या दोन्ही बाजू, लांबवर वळत गेलेला करडा कातळ, त्यावर पाण्याचे काळे ओघळ. कातळावर आडव्या रेघा होत्या, उतरंडीतल्या मडक्यांच्या सांध्यांसारख्या, आणि प्रत्येक सांध्यात गवताची एक ओळ. पार खाली बेलपाड्याची खाचरं. हळवं भात पिकून पिवळं झालेलं, गरवं अजून हिरवं.

मी गवताचं एक वाळकं पातं सोडलं. ते हातभर खाली गेलं, थबकलं, आणि वर येऊन माझ्या डोक्यावरून मागे पठारावर गेलं. वारा खालून वर येत होता.

सूर्य समोर उतरला तसा डोंगरांचा हिरवा रंग गेला. जवळची धार कोळशाच्या रंगाची झाली, तिच्यामागची राखेच्या, तिच्यामागची त्याहून फिकी. शेवटची धार होती की ढग होता, ते अंधार पडेपर्यंत ठरलं नाही.”

---

कातळकोर | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:००

पातं! तो वारा तिथे गेलेला प्रत्येक जण अनुभवतो आणि ‘सोसाट्याचा वारा’ लिहून मोकळा होतो. माझ्या तीस वर्षांत मीही तेच लिहीत आलो. उतरंड तर थरांना नेमकी बसली.

एकच राहिलं. ‘वळत गेलेला’ म्हटल्यावर वळण कळतं, पण आतला खोलगटपणा पुरता येत नाही. भिंत नुसती अर्धगोल नाही, ती खाली पोकळही आहे. त्याला शब्द हवा.

---

शब्दवेल्हाळ | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

सूप उभं धरलं तर? पाखडायचं सूप. तळ आत गेलेला, कडा वळून पुढे.

---

कातळकोर | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:३५

जवळ आहे. पण सूप उथळ. मला अजून समाधान नाही.

---

मुळाकाठची | २२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

आमच्याकडे त्या आकाराला नक्की काहीतरी म्हणत असणार, मला आठवत नाही. दिवाळीत गावी जातेय, पाचनईला मावशी दिली आहे. तिच्या सासऱ्यांनी त्या डोंगरात आयुष्यभर गुरं चारलीत. विचारून इथे लिहिते.

---

आभाळवाट | २२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

वाट बघते. तोवर ते वाक्य आहे तसंच ठेवते.

आज आत्याला नवीन मसुदा वाचून दाखवला. पातं वर आलं तिथे तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग रागावूनच विचारलं, “तू पोटावर झोपून डोकं बाहेर काढलंस तेव्हा पाय कोणी धरले होते?”

दादाने धरले होते. उद्या तेही लिहिते.